पुठ्ठ्याची नाणी आणि पार्किंगमधला भाजीबाजार: प्रकल्प नोंदी, नाशिक

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

काल मोठ्याला (वय ८) पन्नासची नोट देऊन कोपऱ्यावरच्या दुकानात धाडलं. परत आला तो मुठीत नाणी घट्ट धरून. किती परत मिळाले म्हणून विचारलं तर म्हणाला, "काकांनी दिले तेवढे आणले." वहीत हाच मुलगा पन्नासातून छत्तीस बिनचूक वजा करतो. मग लक्षात आलं, दुकानात गेल्यावर त्यानं मला मोबाइल पुढे करतानाच पाहिलंय. पैसे मोजून देणं, परत आलेले मोजून घेणं, हे त्याच्यासमोर घरात घडतच नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीपासून दर रविवारी आमच्या पंचवटीतल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भाजीबाजार भरवायचं ठरवलं. मुलं आठ: माझी दोन (आठ आणि साडेपाच), वरच्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणी (सहा), तळमजल्यावरचा सात वर्षांचा मुलगा आणि त्याची पाच वर्षांची बहीण, माझी भाची (सहा) आणि वॉचमनदादांचा मुलगा (आठ). सासूबाईंनी बावीस वर्षं गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पालेभाजी विकली आहे. त्यामुळे मालाची मांडणी त्यांच्याकडे आणि नाणी माझ्याकडे, अशी वाटणी झाली.

आज नाण्यांचा पहिला घाणा केला. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी घेऊन घट्ट मळलं, चार मिलिमीटर जाडीची पोळी लाटली आणि बाटलीच्या झाकणानं गोल पाडले. साठ नाणी ताटात घालून गच्चीवर उन्हात ठेवली.

३ नोव्हेंबर, सोमवार

मैद्याची नाणी वाया गेली. वरची बाजू आधी वाळते, खालची ओली राहते, त्यामुळे कडा वाटीसारख्या वर उचलल्या गेल्या. एकावर एक रचली की घसरतात, आणि पाच-पाचच्या चवडी रचून मोजायचं तर तिथेच सगळं अडतं. उलटून पुन्हा वाळवली तर काहींना तडे गेले. जी धड राहिली ती रात्री उघड्यावर राहिल्यानं सकाळी चिकट झाली होती, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं. ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजली असती तर कदाचित टिकली असती, पण माझ्याकडे ओव्हन नाही. दोन दिवस आणि साठेक रुपयांचं सामान गेलं. ज्यांना हे करायचंय त्यांनी मैद्याच्या वाटेला जाऊ नये. शोभेची एक-दोन नाणी ठीक, पण आठ मुलांच्या हातांत दर रविवारी फिरायला ती टिकत नाहीत.

संध्याकाळी खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची कापून पाहिली. बोटानं दाबली की चपटी होतात आणि कडेचे पापुद्रे सुटतात. तीही बाद.

५ नोव्हेंबर, बुधवार

जमलं. वह्या बांधायला वापरतात तो करडा, दोन मिलिमीटर जाडीचा बाइंडिंगचा पुठ्ठा आणला. दोन मोठे तक्ते, नव्वद रुपये. कात्रीनं दहा नाणी कापली तेवढ्यात अंगठ्याला वळ उठले. मग यांनी कारखान्यातून गॅस्केट पाडायचे पोकळ पंच काही दिवसांसाठी मागून आणले: २०, २२, २५ आणि २८ मिलिमीटरचे. खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, पंच सरळ धरायचा आणि हातोड्याचा एकच घाव घालायचा. दोन घाव घातले तर कड दुहेरी उमटते. सव्वा तासात सव्वाशे नाणी पडली. ठोकण्याचं काम मोठ्यांनीच करावं. मुलांना कडा घासायला बारीक पॉलिश पेपर दिला, त्यात ती रमली.

आकार ठरवताना मी सरळ हिशेब केला: एक रुपया २० मिमी, दोन २२, पाच २५, दहा २८. जेवढी किंमत जास्त तेवढं नाणं मोठं. पुढच्या अंगाला मार्करनं आकडा लिहिला. पोस्टर रंगानं रंगवलेली दहा नाणी घामट हातांत रंग सोडायला लागली, म्हणून रंगाचा नाद सोडला आणि फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून दोन्ही अंगांना एक हात दिला. वाळल्यावर पुठ्ठा कडक झाला आणि शाईही धरून राहिली.

नोटांबद्दल एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. जुळ्यांच्या बाबांनी खऱ्या नोटांची रंगीत झेरॉक्स काढायचं सुचवलं होतं. समोरच्या इमारतीतले एक आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, त्यांनी ऐकताक्षणी नको म्हणून सांगितलं. नोटेसारखा दिसणारा कागद कुठल्याही कारणासाठी तयार करणं हा कायद्यानं गुन्हा आहे, मग तो मुलांच्या खेळासाठी का असेना. आमच्या नोटा म्हणजे रंगीत कागदाच्या साध्या पट्ट्या, त्यावर फक्त आकडा. नाण्यांवरही सिंह किंवा रुपयाचं चिन्ह काढलेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार (पहिला बाजार)

चार विक्रेते, चार गिऱ्हाइकं. गोणपाट अंथरून टोपल्या मांडल्या. माल खरा: लिंबं, मिरच्या, कढीपत्त्याच्या काड्या, कोथिंबिरीच्या छोट्या जुड्या, कांदे, टोमॅटो. वजनाची भानगड नको म्हणून सासूबाईंनी सगळ्याचे वाटे केले. वाट्यासमोर भावाची चिठ्ठी.

प्रत्येकाला पन्नास रुपये दिले: दहाची तीन, पाचची दोन, दोनची तीन, एकची चार. सगळ्यांना सारखं मिळावं एवढाच विचार मी केला होता. बाजार जोरात चालला, ओरडाआरडा भरपूर झाला, पण अर्ध्या तासात एकदाही कुणी कुणाला पैसे परत दिले नाहीत. गिऱ्हाइकांच्या हातातच चिल्लर होती, त्यामुळे सात रुपयांच्या वाट्याला पाच आणि दोन मोजून दिले की काम संपत होतं. जे शिकवायचं होतं त्याची गरजच पडली नाही. चूक पैसे वाटण्यात होती.

दुसरी गोष्ट धाकटीकडून कळली. तिला कोथिंबिरीचे पाच रुपये यायचे होते. तिनं पाचचं एक नाणं नाकारलं आणि एकची तीन घेतली. का, तर "तीन जास्त आहेत." तळमजल्यावरची पाच वर्षांची मुलगीही असंच करत होती. या वयाला नाणं ही एक वस्तू असते, आणि वस्तू मोजली की एक. त्या एका वस्तूत पाच बसले आहेत हे डोळ्यांना दिसत नाही.

रात्री सगळ्या नाण्यांच्या मागच्या अंगाला ठिपके काढले. पाचच्या मागे पाच, दहाच्या मागे पाच-पाचच्या दोन ओळी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळेनंतर फक्त धाकट्या दोघींना घेऊन बसले. पाचचं नाणं उलटं ठेवायचं, प्रत्येक ठिपक्यासाठी शेजारी एकचं एक नाणं मांडायचं, आणि पाच झाले की "मोडलं!" म्हणत अदलाबदल करायची. वीस मिनिटांत दोघींना मोड म्हणजे काय ते कळलं. दोनचं नाणं मात्र अजून फसवतं: दोनची दोन ठेवली की दोघीही "दोन" म्हणतात. दोनला बोट दोनदा टेकवायचं, अशी सवय लावली. हळू आहे, पण चालतं.

मग खऱ्या नाण्यांवर तेच करून पाहायला माझी पर्स उपडी केली आणि माझी मोठी चूक समोर आली. धाकटीनं दोनचं नाणं उचललं आणि पाच म्हणाली, कारण ते शेजारच्या पाचच्या नाण्यापेक्षा मोठं होतं. व्हर्नियर घेऊन मोजलं. २०११ पासूनच्या घडणीचं दोनचं नाणं २५ मिमी आहे आणि त्याच घडणीचं पाचचं २३. २०१९ च्या नव्या मालिकेत बरोबर उलटं: दोनचं २३, पाचचं २५. दोन्ही प्रकारची नाणी आज बाजारात एकत्र फिरतात. म्हणजे दोन आणि पाचमध्ये आकारावरून किंमत ओळखताच येत नाही, आणि मी आठवडाभर मुलांना नेमकं आकारावरून ओळखायला शिकवत होते.

पंच परत जायच्या आत रात्री दोन आणि पाचची सगळी नाणी नव्यानं पाडली. आता दोनची अर्धी २२ ची आणि अर्धी २५ ची, पाचचीही तशीच. आकार पाहून काही ठरवता येत नाही, आकडा वाचावाच लागतो. चाळीस नाण्यांचं काम दुसऱ्यांदा करावं लागलं, पण हा बदल अगदी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. खऱ्या पाचच्या नाण्याचा जाडपणा हाताला कळतो, तो पुठ्ठ्यात आणता आला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार (दुसरा बाजार)

पैसे वाटण्याची पद्धत बदलली. गिऱ्हाइकांना फक्त दहाची नाणी, प्रत्येकी पाच. विक्रेत्यांना फक्त चिल्लर, प्रत्येकी वीस रुपये: पाचची दोन, दोनची तीन, एकची चार. भाव मुद्दाम तीन, चार, सात, आठ असे. आता प्रत्येक खरेदीला परत देणं आलंच.

मी पाटीवर वजाबाकी शिकवून ठेवली होती. दहातून सात गेले, हातचे नाहीत, उरले तीन. प्रत्यक्षात विक्रेता पाटी शोधेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे वळायचं. माझी भाची तर रडवेली झाली. सासूबाई बाजूला स्टुलावर बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, बाजारात कुणी वजा करतं का? वर चढत जायचं." त्या खाली गोणपाटावर येऊन बसल्या, भाचीच्या टोपलीतला सात रुपयांचा वाटा उचलला आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकत म्हणाल्या, "सात." मग दोनचं नाणं त्याच्या हातावर ठेवून, "नऊ." मग एकचं ठेवून, "दहा. झाले तुझे दहा." वजाबाकी कुठेच केली नाही, तरी तीन रुपये बरोबर परत गेले.

मुलांनी हे लगेच उचललं आणि लगेच एक ठरलेली चूक सुरू झाली. तळमजल्यावरचा मुलगा सात म्हणताना एक नाणं ठेवायचा, आठला दुसरं, नऊला तिसरं, दहाला चौथं. तीनऐवजी चार रुपये परत. जुळ्यांपैकी एकीचंही तेच. तोंडानं मोजणी बरोबर ऐकू येते, त्यामुळे ही चूक लांबून कळत नाही, हाताकडे पाहावं लागतं. सासूबाईंची कृती नीट पाहिली तेव्हा उपाय सापडला: "सात" म्हणताना त्यांच्या हातात नाणं नसतंच, भाजी असते. भाजी हेच ते सात रुपये. म्हणून नियम केला की पहिला आकडा भाजी देताना म्हणायचा, आणि भाजी गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत गल्ल्याला हात लावायचा नाही. त्यानंतर ही चूक जवळजवळ थांबली.

त्यांचा दुसरा नियमही आजच घेतला. गिऱ्हाइकानं दिलेलं नाणं लगेच गल्ल्यात टाकायचं नाही, परत देऊन होईपर्यंत गोणपाटावर समोर ठेवायचं. "मी दहाची दोन दिली होती" असं भांडण एकदा झालं आणि गल्ल्यात बघून काहीच सिद्ध होईना.

मग सुट्टे संपले. वॉचमनदादांच्या मुलाचा गल्ला मी कागदावर उतरवून ठेवला आहे. सुरुवात वीस रुपये. पहिली विक्री सातची, परत दोन आणि एक. दुसरी चारची, परत पाच आणि एक. तिसरी पुन्हा चारची, पुन्हा पाच आणि एक. चौथी आठची, परत दोन. पाचवी सातची, परत दोन आणि एक. इथे त्याची चिल्लर संपली. गल्ल्यात दहाची पाच नाणी, म्हणजे पन्नास रुपये, आणि सहाव्या गिऱ्हाइकाला एक रुपयासुद्धा परत देता येईना. हिशेब चोख होता: वीसची सुरुवात, तीसची विक्री, पन्नास हातात.

तो गोंधळला नाही. त्यानं एका रुपयाऐवजी दोन मिरच्या दिल्या. आईबरोबर तो रोज रोख पैशांनी दुकानात जातो, त्यामुळे हे त्याच्या सरावाचं असावं. बाकीच्या तिन्ही विक्रेत्यांनी मात्र "सुट्टे नाहीत" म्हणत दुकान बंद केलं. बाजार पंचवीस मिनिटांत थांबला.

१९ नोव्हेंबर, बुधवार (खरा बाजार)

संध्याकाळी सासूबाई, मी आणि मोठी पाच मुलं गोदाघाटावर गेलो. मुलांना एकच काम दिलं होतं: विक्रेता सुट्टे कुठून आणतो ते बघायचं. त्यांनी तीन गोष्टी टिपल्या. एका मावशीनं शेजारच्या लसूणवाल्याकडून वीसची मोड घेतली. एका भाजीवाल्यानं बारा रुपयांसाठी वीसची नोट घेताना विचारलं, "वरचे दोन आहेत का? दहा परत देतो." आणि एका बाईनं, सुट्टे देत असाल तरच माल, असं सरळ सांगितलं.

सासूबाईंनी चौथी गोष्ट सांगितली. त्या स्वतः सकाळी दुकान मांडायच्या आधी देवळाजवळच्या फुलवाल्यांकडून शंभराची चिल्लर घेऊन यायच्या. कारण पहिली चार गिऱ्हाइकं हमखास मोठी नोट काढतात, आणि भवानीच्या वेळी कुणाला परत पाठवायचं नसतं.

यातून माझी चूक मला कळली. मी नाण्यांची संख्या वाढवायच्या विचारात होते. पण आमच्या खेळात चिल्लर फक्त विक्रेत्याकडून गिऱ्हाइकाकडे जात होती, तिला परत यायला वाटच ठेवलेली नव्हती. कितीही नाणी ओतली असती तरी ती थोड्या वेळानं गिऱ्हाइकांच्या खिशात जमली असती.

घरी जाताना घासाघीशीचंही बोलणं झालं. अंधार पडत आला तसे पालेभाजीचे भाव उतरत होते, कांद्याचे नाही. मोठ्यानं कारण विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मेथी उद्या पिवळी पडते. कांदा पुढच्या बुधवारी पण कांदाच असतो."

२३ नोव्हेंबर, रविवार (तिसरा बाजार)

तीन बदल केले. एक, विक्रेत्याची चिल्लर तेवढ्याच वीस रुपयांची, पण वेगळी: पाचचं एक, दोनची चार, एकची सात. नऊऐवजी बारा नाणी झाली. दोन, जिन्याच्या पायरीवर मोडीचं दुकान. तिथे मोठा बसला. विक्रेत्यानं दहाचं नाणं आणायचं, त्यानं तेवढ्याची मोड मोजून द्यायची, आणि आणणाऱ्यानं पुन्हा मोजल्याशिवाय निघायचं नाही. तीन, वीस मिनिटांनी घंटा झाली की गिऱ्हाईक विक्रेता होतं, आणि स्वतःच्या बटव्यासकट बसतं. म्हणजे आधी जमलेली चिल्लर त्याची सुरुवातीची मोड होते.

बाजार एक तास दहा मिनिटं चालला, आणि थांबला तो जेवणाची वेळ झाली म्हणून.

"वरचे द्या" ही युक्ती आठ वर्षांच्या दोघांनाच जमली. किंमत सात, हातात दहा. वरचे दोन मागायचे, बारा झाले, पाच परत. मोठ्यानं पहिल्यांदा दोन घेतले आणि परत तीनच दिले, कारण दहाचं उत्तर त्याच्या डोक्यात आधीच तयार होतं. मग त्यालाही चढती मोजणीच करायला लावली: भाजी देताना सात, पाचचं नाणं ठेवताना बारा. समोर गोणपाटावर दहा आणि दोन पडलेले दिसत होते, त्यामुळे बाराशी ताडून पाहता आलं. सहा-सात वर्षांच्यांना यात ओढू नये. त्यांचं आधीचं जमलेलंही विस्कटतं, हे भाचीच्या बाबतीत पाहिलं.

घासाघीस आज पहिल्यांदा मोकळी सोडली आणि ती फसली. जुळ्यांपैकी एकीनं नऊचा वाटा "एक रुपया!" म्हणून मागितला, आणि तळमजल्यावरच्या मुलानं हसत देऊन टाकला. मग सगळेच एक रुपया, एक रुपया ओरडायला लागले. भाव सांगण्याला आणि मागण्याला काही आधारच राहिला नाही. सासूबाईंना ते आवडलं नाही. त्या मुलाला त्या म्हणाल्या, "बाळा, तू ही भाजी कुठून आणलीस? मार्केटातून पहाटे विकत आणलीस ना? तुझे पाच रुपये तर गेलेच आहेत. घरी काय नेणार?" बावीस वर्षं त्यांनी हेच सोसलंय, हे त्यांच्या आवाजात कळत होतं. मला ते मुलांनाही कळायला हवं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार (चौथा बाजार)

प्रत्येक वाट्याच्या चिठ्ठीमागे खरेदीचे ठिपके काढले. ते फक्त विक्रेत्यानं बघायचे. मेथीच्या जुडीमागे पाच ठिपके म्हणजे ती पाचला आणली. पुढे सांगायचा भाव नऊ. पाचच्या खाली विकली तर तोटा, आणि तो कागदावर लिहायचा.

गिऱ्हाइकाला उलट बाजूनं बांधलं. हातात वीस रुपये आणि चार जिनसांची यादी. सांगितलेल्या भावानं घेतलं तर चारही जिनसांचे मिळून सव्वीस होतात. म्हणजे कुठेतरी सहा रुपये सोडवल्याशिवाय यादी पुरी होत नाही. आता मागण्याला कारण आलं. बोलायचं तीन वेळा, चौथ्यांदा घ्यायचं नाही तर पुढे जायचं, आणि पुढे गेल्यावर विक्रेत्यानं हाक मारली तर परत यायला हरकत नाही.

एक सौदा जसाच्या तसा लिहिते. गिऱ्हाईक वॉचमनदादांचा मुलगा, विक्रेती भाची.

"मेथी कशी?"
"नऊ."
"पाच देतो."
तिनं चिठ्ठी उलटून ठिपके मोजले. "पाचला मलाच पडली. आठ दे."
"सहा. आणि दोन घेतो."
ती थांबली. बोटांवर मोजलं. "दोन घेतलीस तर चौदा."
"तेरा."
"चौदा. भवानी आहे."
त्यानं दहाची दोन नाणी ठेवली. तिनं दोन जुड्या त्याच्या पिशवीत टाकत "चौदा" म्हटलं, मग एकचं नाणं ठेवून "पंधरा", मग पाचचं ठेवून "वीस".

दोन जुड्यांना तिचे दहा गेले होते, चार रुपये सुटले. दोन आठवड्यांपूर्वी हीच मुलगी दहातून सात करताना रडवेली झाली होती. पाचच्या आधी एकचं नाणं ठेवून पंधरावर यायचं आणि मग उडी मारायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या गल्ल्यात त्या वेळी दोनची नाणी संपलेली होती.

घंटेनंतर "अंधार पडला" असं जाहीर करायचं आणि मग उरलेली पालेभाजी बाद, कांदे मात्र जसेच्या तसे, हा नियमही घातला. शेवटच्या पाच मिनिटांत मेथी चारला गेली, खरेदीपेक्षाही कमी. तळमजल्यावरच्या मुलाला तोटा का घेतलास म्हणून विचारलं. तो म्हणाला, "नाहीतर शून्य मिळाले असते." कांद्यावर त्यानं एक रुपयाही सोडला नव्हता.

पाच वर्षांच्या दोघींना भाव कमी करणं कळत नाही. सहा म्हटलं काय आणि आठ म्हटलं काय, त्यांना दोन्ही सारखेच. पण "वर एक मिरची घाल" हे दोघींना लगेच जमलं, कारण मिरची दिसते. त्यांची घासाघीस सध्या तेवढीच ठेवली आहे. छापील किमतीच्या जिनसा, म्हणजे बिस्किटाचा पुडा आणि दुधाची पिशवी, एका वेगळ्या खोक्यावर मांडल्या. तिथे भाव करायचा नाही. दोनदा सांगावं लागलं.

७ डिसेंबर, रविवार

फक्त मोजदाद. १६५ नाण्यांपैकी १५३ सापडली. दोन ओली होऊन फुगली, ती तळमजल्यावरच्या मुलांच्या दोन वर्षांच्या भावानं तोंडात घातली होती. गिळली नाहीत, पण त्या क्षणी माझं काळीज हललं. २० मिमीचं नाणं त्या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. आता खेळ संपल्याबरोबर प्रत्येकानं आपली नाणी मोजून डब्यात टाकायची आणि आकडा मला सांगायचा, मगच उठायचं. एवढं लहान मूल आसपास असेल तर खेळ त्या दिवशी नाही.

आत्तापर्यंतचा खर्च: पुठ्ठा ९०, मार्कर ६०, पॉलिश पेपर २०, मैदा-मीठ ६०, एकूण २३०. भाजी दर वेळी घरातच वापरली गेली, ती धरलेली नाही. माझा वेळ नाण्यांना साधारण नऊ तास गेला, त्यातले साडेचार वाया.

१३ डिसेंबर, शनिवार

मोठ्याला पुन्हा त्याच दुकानात पाठवलं, पन्नासची नोट देऊन. या वेळी मी दारात उभी राहून पाहत होते. बिल बत्तीस झालं. दुकानदार गल्ला चाळत म्हणाला, "अठरा सुट्टे नाहीत रे." मोठ्यानं खिशात हात घातला, आधीच्या दिवशीचं दोनचं नाणं काढलं आणि विचारलं, "वरचे दोन घेता का?" दुकानदारानं वीसची नोट दिली. मोठा ती हातात धरून तिथेच उभा राहिला. ओठ हलत होते: बत्तीस, बावन्न. मग निघाला.

धाकटीला उद्यापासून दोनच्या नाण्याला बोट न टेकवता मोजायला लावून पाहायचंय. हरवलेल्या बारांपैकी सात दोनचीच आहेत, ती आधी पाडायला हवीत. पंच मंगळवारी मिळतील.